थरथर म्हणजे क्लेचा जीव नव्हे

क्ले अ‍ॅनिमेशनबद्दल आपल्याकडे एक गोड समजूत पसरली आहे. पडदा लुकलुकला, बाहुली उभ्या जागी डुलली, चालताना लंगडली, की लोक म्हणतात, 'हाताने केलंय ना, म्हणून! हीच तर त्याची मजा.' मला ही समजूत नुसती चुकीची नाही, तर नुकसानकारक वाटते. हाताने केलेल्या कामाचं कौतुक म्हणून ती बोलली जाते, पण प्रत्यक्षात हाताने काय केलं हे तिच्यामुळे दिसेनासं होतं.

आमच्याकडे ओवे गावाजवळच्या एका सोसायटीत उन्हाळी शिबिर झालं. त्यात मुलांनी क्लेची एक मासळीवाली मावशी केली. डोक्यावर पाटी घेऊन ती येते, पाटी खाली ठेवते, कंबरेवर हात ठेवून उभी राहते. दहा सेकंदांचा मामला. मुलांनी दोन दिवस घासून काम केलं. शेवटी ती फिल्म दाखवली तेव्हा मावशीचा चेहरा दर क्षणाला पिवळा-निळा होत होता, पाटी हवेत हेलकावत होती आणि चौथ्या पावलाला तिचा घोटा तुटलेला स्पष्ट दिसत होता. एका मुलीने विचारलं, "दादा, मावशीला ताप आलाय का?" शिकवणारा हसून म्हणाला, "अगं, क्ले अशीच असते."

क्ले अशी नसते. 'तारे जमीं पर'ची (२००७) क्लेतली टायटल्स आठवा. ती धीमंत व्यास यांनी केली. त्यातली माती सारखी रूप बदलते, पण प्रकाश थरथरत नाही. मुंबईत सुरेश एरियत यांच्या स्टुडिओ ईकसॉरसने केलेली 'टोकरी' ही स्टॉप-मोशन शॉर्ट फिल्म बघा. ब्रिटनमधल्या आर्डमन स्टुडिओच्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट'मध्ये तर कलाकारांच्या बोटांचे ठसे मातीवर दिसतात, आणि ते दिसतात हे लोकांना आवडतं. मात्र तिथली खोली लुकलुकत नाही आणि वॉलेसचा घोटा तुटत नाही. ठसा हा माणसाच्या हाताचा आहे. लुकलुक ही फोनची, बल्बची आणि खिडकीची आहे. दोन्हींना एकाच पंगतीला बसवणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

भांडण नीट मांडायचं तर हीच मावशी हाताशी घेऊ. टेबलावर, दहा सेकंदांत.

सगळ्यात आधी फोनबद्दल बोलायला हवं, कारण खरा गुन्हेगार तोच आहे, आणि मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे त्याची बाजूही मला कळते. फोनचा कॅमेरा लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न एकच असतो: माणसाने बटण दाबलं की हा एक फोटो चांगला यायला हवा. त्यामुळे प्रत्येक वेळी फोन दृश्य नव्याने तपासतो. उजेड किती, रंगाचा तोल कुठे, चेहरा कुठे, फोकस कुठे. बरेच फोन एका फोटोसाठी आतल्या आत अनेक फोटो काढून त्यांचं मिश्रणही करतात. एका फोटोसाठी हे सगळं छान आहे. आपल्याला मात्र एकशेवीस फोटो हवे आहेत आणि त्यांच्यात मातीखेरीज काहीही बदलायला नको आहे. मावशीने पांढरी ओढणी सावरायला हात वर केला, की फोनला वाटतं दृश्य उजळलं, आणि तो मागची भिंत काळी करतो. पुढच्या फोटोत हात खाली, भिंत परत उजळ. फोन हुशारच आहे. पण इथे आपल्याला ठोंब्या कॅमेरा पाहिजे.

म्हणून फोनमधला 'प्रो' मोड किंवा स्टॉप-मोशनचं असं अ‍ॅप वापरा ज्यात शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हे चारही हाताने ठरवता येतात आणि ठरवलेले राहतात. आयफोनवर बोट दाबून धरल्यावर येणाऱ्या `AE/AF LOCK` वर विसंबून चालत नाही. तो उजेड आणि फोकस अडकवतो, रंगाच्या तोलाची काळजी वेगळी घ्यावी लागते. एचडीआर बंद करायचं. आणि फोनला हात लावायचा नाही: वायरच्या इअरफोनवरचं आवाजाचं बटण किंवा छोटा ब्लूटूथ रिमोट शटरचं काम करतो.

आता बल्ब. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे साधा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटरला दिसतं. समजा शटर १/६० सेकंदाचं आहे. तेवढ्या वेळात उजेडाच्या लाटा बसतात एक पूर्णांक दोन तृतीयांश. ही अर्धवट लाट कधी शिखरावर सापडते, कधी दरीत, त्यामुळे दर फोटोचा उजेड वेगळा. शटर १/५० केलं की बरोबर दोन लाटा बसतात. सुरुवात कुठूनही झाली तरी बेरीज तीच. १/१० केलं तर दहा लाटा. टेबलावरची माती तशीही हलत नसते, तेव्हा शटर संथ ठेवायला कसलीच अडचण नाही. मी १/१० वर ठेवतो आणि आयएसओ खाली आणतो. हा सगळा बदल फुकट आहे, फक्त एक आकडा फिरवायचा आहे. तो शिबिरात कोणी सांगत नाही.

वीज तेवढ्यावर थांबत नाही. इमारतीतला पाण्याचा पंप सुरू झाला की स्वस्त एलईडी बल्ब किंचित मान टाकतो. मी दोन छोटे एलईडी दिवे पॉवरबँकवर लावतो, म्हणजे पंपाशी संबंधच उरत नाही. त्यात एक खोच आहे: असे बरेच दिवे मंद केले की आतून वेगाने चालू-बंद होऊ लागतात, आणि घालवलेली लुकलुक दुसऱ्या दाराने आत येते. त्यामुळे दिवा पूर्ण उजेडावर ठेवायचा आणि जास्त वाटला तर लांब सरकवायचा किंवा समोर ट्रेसिंग पेपर धरायचा. हॅलोजन नकोच. पनवेलच्या मे महिन्यात क्ले आधीच मऊ असते, त्यात हॅलोजनखाली मावशीचे गाल दुपारपर्यंत ओघळतात.

खिडकीला काळं कापड. इथे तडजोड नाही. खारघरच्या डोंगरावर ढग चढला की माझ्या खोलीतला उजेड मिनिटभरात पालटतो, आणि एकशेवीस फोटोंना चार-पाच तास लागतात, तेवढ्यात सूर्यही जागचा हलतो. म्हणून मी रात्री काम करतो. आणखी एक गोष्ट, जी ऐकून लोक हसतात: पांढरा टी-शर्ट घालू नका. बाहुलीजवळ वाकलेला तुमचा पांढरा शर्ट हा एक मोठा परावर्तक असतो. आज तुम्ही उजवीकडे उभे राहून बटण दाबलं, उद्या डावीकडे, की मावशीच्या गालावर उजेड चढतो-उतरतो. गडद कपडे घालायचे आणि दर वेळी त्याच जागी उभं राहायचं. जागेवर टेपची फुली मारून ठेवली की प्रश्न मिटतो.

हे जमलं की नाही, याची परीक्षा मातीला हात लावण्याआधी घेता येते. सेट लावा, कोपऱ्यात राखाडी कागदाचा तुकडा ठेवा, आणि काहीही न हलवता दहा-दहा सेकंदांनी तीस फोटो काढा. मग ते एकामागोमाग चालवा. चित्र गोठल्यासारखं दिसलं तर पास. श्वास घेतल्यासारखं वाटलं तर कुठेतरी गळती आहे. डोळ्यावर विश्वास नसेल तर कागदाच्या तुकड्याचा सरासरी उजेड मोजता येतो. लॅपटॉपवर इमेजमॅजिक असेल तर एक ओळ पुरते (तुकडा डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे असं धरून):

```
magick test_*.jpg -crop 200x200+0+0 -format "%[fx:mean]\n" info:
```

० ते १ मधले तीस आकडे येतात. फरक तिसऱ्या दशांश स्थळावर असेल तर मी कामाला लागतो. दुसऱ्या स्थळावर उड्या दिसू लागल्या की आधी कारण शोधतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: 'एवढं कशाला? नंतर एडिटमध्ये डीफ्लिकर मारू.' ऑफिसात 'नंतर बघू' म्हणून ठेवलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं ते मी रोज बघतो, पण ते सोडा. मुद्दा तांत्रिक आहे. साधं डीफ्लिकर दर फोटोचा सरासरी उजेड मोजतं आणि शेजारच्या फोटोंशी जुळवतं. आता आपली मावशी पाटी खाली ठेवते तेव्हा चकचकीत मासे कॅमेऱ्याच्या जवळ येतात आणि चित्र खरोखरच उजळतं. डीफ्लिकरला ते दुखणं वाटतं आणि ते भिंत काळी करतं, म्हणजे फोनने केलेला घोळ आता पैसे देऊन परत करवून घ्यायचा. खिडकीतून आलेला बदल तर त्याच्या आवाक्यातच नसतो. ढगाने फक्त डावा गाल उजळतो आणि सावलीची कड हलते. अख्ख्या चित्राला एकाच मापाने उजळ-काळं करून सावली जागेवर येत नाही.

प्रकाशाच्या खालोखाल नडतो तो फ्रेम रेट, आणि इथे रील्सच्या सवयीने गोंधळ घातला आहे. स्टॉप-मोशनची जुनी, पक्की पद्धत अशी: पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक फोटो दोन फ्रेम टिकतो, म्हणजे सेकंदाला १२ फोटो. आपल्या दहा सेकंदांचे १२०. आता फोनवरची बहुतेक एडिटिंग अ‍ॅप्स मुळात ३० फ्रेमवर बसलेली असतात. त्यात १२ फोटोंचं काम टाकलं की एका फोटोच्या वाट्याला अडीच फ्रेम येतात. अर्धी फ्रेम अस्तित्वात नसते, म्हणून अ‍ॅप एक फोटो दोन फ्रेम दाखवतं, पुढचा तीन, परत दोन. मावशीचं पाऊल सारखं पडलेलं असूनही ती लंगडते. मुलांना वाटतं आपण पाय चुकीचा हलवला. त्या शिबिरातल्या मुलाने तर पायाचे फोटो पुन्हा काढले होते, बिचाऱ्याने. पाय बरोबरच होता. ३० वरच काम करायचं असेल तर सेकंदाला १० किंवा १५ फोटो घ्या, भागाकार नीट जातो. १२ हवे असतील तर फाइल स्वतः २४ ची बनवा:

```
ffmpeg -framerate 12 -i maushi_%04d.jpg -c:v libx264 -r 24 -pix_fmt yuv420p maushi.mp4
```

दर सेकंदाला फोटो किती हे पहिल्या फोटोआधी ठरवायचं, कारण सगळं वजन त्यावर मोजलं जातं. मोकळा माणूस साधारण सेकंदाला दोन पावलं टाकतो, म्हणजे पावलाला सहा फोटो. डोक्यावर पाटी असलेली बाई तशी चालत नाही. मी तिला पावलाला नऊ फोटो दिले. चार पावलं, ३६ फोटो. थांबून तोल सावरायला १२. गुडघे वाकवून पाटी खाली न्यायला ३०. उठायला १८. कंबरेवर हात आणि एक सुस्कारा, २४. झाले १२०. हा हिशेब कागदावर असला की तिसऱ्या तासाला दमलेला माणूस घाईघाईत गुडघा आठच फोटोंत वाकवत नाही. फोटो कमी करून काम उरकता येतं, फक्त मग पाटी रिकामी वाटते. प्रेक्षकाला वजन दिसतं ते वेळातून.

स्थिर उजेडाचा फायदा इथेही मिळतो. सुस्काऱ्याच्या शेवटी मावशी क्षणभर निश्चल असते, तिथे एकच फोटो चार वेळा वापरता येतो. उजेड लुकलुकत असेल तर ते चार फोटो अचानक शांत होतात आणि चोरी पकडली जाते.

राहिला सांगाडा, ज्याला आर्मेचर म्हणतात. शिबिरात मुलांना एकपदरी तार दिली होती, आणि पाटीत क्लेचेच भरीव मासे. घोटा तुटणारच होता, आणि ते आधी कागदावर दिसलं असतं.

बाहुली २० सेंटीमीटर उंच धरा. भरीव क्लेची असेल तर अंग १५० ग्रॅम आणि पाटी ४० ग्रॅम. पाटी ठेवताना ती घोट्यातून ३० अंश पुढे झुकली असं माना. डोक्यावरची पाटी घोट्याच्या १० सेंटीमीटर पुढे जाते, अंगाचा मध्य ५ सेंटीमीटर पुढे. घोट्यावरचा पीळ म्हणजे वजन गुणिले अंतर: पाटीचे ४००, अंगाचे ७५०, एकूण ११५० ग्रॅम-सेंटीमीटर. आता पाटी थर्माकोलची करून वर मासळीचा पातळ थर द्या, ६ ग्रॅम. अंगात अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि थर्माकोल भरून वर चार-पाच मिलिमीटर क्ले लावा, ७० ग्रॅम. पाटीचे ६०, अंगाचे ३५०. एकूण ४१०. कॅमेऱ्याला दोन्ही मावश्या सारख्याच दिसतात, पण घोट्यावरचा भार जवळपास तिसऱ्या हिश्शावर आला. 'क्ले अशीच असते' म्हणणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

तार अ‍ॅल्युमिनियमची, दीड मिलिमीटरची. पोलादी तार वाकवली की थोडी मागे फिरते, म्हणजे हात सोडला की पोझ बदलते. तांब्याची चार-सहा वेळा वाकवली की ताठर होते. अ‍ॅल्युमिनियम दिलेली पोझ धरून ठेवतं, पण तेही त्याच जागी सारखं वाकवलं तर थकतं आणि तुटतं. म्हणून दोन पदर ड्रिलमध्ये धरून पीळ द्यायचा, पायांना तीन पदर. एक पदर गेला तरी उरलेले तो सीन संपेपर्यंत तग धरतात. मांडी, नडगी, दंड यांवर एम-सील चढवायचं आणि फक्त सांधे उघडे ठेवायचे. यामुळे बाहुली माणसासारखी ठराविक जागी वाकते, नाहीतर नळीसारखी कुठेही. सांध्याची उघडी तार फार आखूड ठेवली की सगळा वाक एका बिंदूत येतो आणि ती लवकर तुटते. गुडघ्याला मी सेंटीमीटरभर मोकळी सोडतो.

आणि पाय जमिनीला बांधलेले हवेत. तळव्यात एम-सीलने नट बसवायचा, टेबलावर प्लायवूडचा तुकडा, पावलांच्या जागी भोकं, खालून स्क्रू. चार पावलांची भोकं आधीच मारून घ्यायची आणि वापरात नसलेली क्लेने बुजवायची. पातळ पत्रा आणि तळव्यात निओडिमियमचं चुंबक हाही मार्ग आहे. सुटसुटीत आहे, पण पाटीसारखा वरचा भार असेल तर ऐन वाकताना तळवा उचलला जातो, म्हणून या सीनला मी स्क्रूच निवडला.

याचीही परीक्षा आहे. मावशीला सगळ्यात अवघड पोझमध्ये, म्हणजे पूर्ण झुकवून, उभी करा. एक फोटो काढा, पंधरा मिनिटांनी दुसरा, आणि दोन्ही एकावर एक पारदर्शक ठेवून बघा. कड दुहेरी दिसली तर ती हळूहळू खाली बसते आहे. सीन चालू असताना ही घसरण कळत नाही, कारण तुम्ही दर वेळी थोडंसं सावरून घेता, आणि नेमकं ते सावरणंच पडद्यावर हेलकाव्यासारखं दिसतं.

कोणी म्हणेल, ही सगळी मोठ्या स्टुडिओंची थेरं, घरगुती माणसाला मोकळेपणा हवा. मला इतिहास उलट सांगतो. १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून अंकुराच्या वाढीची फिल्म केली. रोज थोडी थोडी फ्रेम, महिनाभराहून अधिक काळ. ती लोकांना दाखवून त्यांनी चित्रपटासाठी भांडवल मिळवलं. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्या नाचवल्या. घरात, एकट्याच्या हिमतीवर. त्यांच्या कॅमेऱ्याला स्वतःचं मत नव्हतं, हा त्यांचा एकच फायदा. कुंडी आणि कॅमेरा महिनाभर जागच्या जागी ठेवणं हे मात्र त्यांनी स्वतः केलं, आणि त्याशिवाय अंकुर वाढताना दिसला नसता.

आपल्याकडच्या मूर्तिकारांनाही हे सांगावं लागत नाही. पनवेलहून तासाभरावर पेण आहे. शाडू वाळताना आक्रसते आणि तडकते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तडा गेलेल्या मूर्तीला 'हीच मातीची मजा' म्हणून कोणी मखरात बसवत नाही. (शाडू याच कारणाने स्टॉप-मोशनला चालत नाही. न वाळणारी, तेलात मळलेली क्ले लागते.)

पुढच्या वर्षी शिबिर होईल तेव्हा माझी मागणी साधी आहे. पहिल्या दिवशी मुलांना माती देऊ नका. खिडकी झाका, चार सेटिंग्ज अडकवायला शिकवा, आणि काहीही न हलवता काढलेले तीस फोटो त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवा. कुठे लुकलुकतंय ते त्यांनाच शोधू द्या, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. दुसऱ्या दिवशी तार, पीळ, एम-सील, आणि ते वाळायला रात्रभर वेळ. तिसऱ्या दिवशी माती. दोन दिवसांचं शिबिर त्यामुळे तीन दिवसांचं होईल, फी थोडी वाढेल, आणि आयोजकांना 'मुलं पहिल्या दिवशी कंटाळतात' असं वाटेल. ज्या मुलीने तापाचं विचारलं ती कंटाळली नसती असं मला वाटतं. तिला दोष दिसला होता, फक्त त्याचं कारण कोणी सांगितलं नाही.

मावशी माझ्याकडे आहे. घोटा कापून तीनपदरी केला, पाटी थर्माकोलची केली, मासे मुलांनी केलेलेच ठेवले, आतून पोखरून. त्यातल्या एका सुरमईवर कुणाचातरी अंगठा उमटला आहे. तो पुसलेला नाही.